ह्युमिडिफायरची पांढरी धूळ आणि टाकीतला बुळबुळीत थर: पाणी कोणतं घालावं, टाकी कशी धुवावी

डिसेंबरात माझ्या मामेबहिणीचा फोन आला. पुण्याच्या पूर्वेला नव्या सोसायटीत राहते, घरात आठ महिन्यांचं बाळ. थंडीत बाळाचं नाक सुकतं म्हणून तिने अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर आणला होता. "दादा, रोज सकाळी टीव्हीच्या काळ्या टेबलावर पिठासारखा थर बसलेला असतो. पुसला तर दुसऱ्या दिवशी परत. आणि टाकीत हात घातला तर आतून बुळबुळीत लागतं, कडेला गुलाबी रेघ दिसते. मशीन खराब निघालं का?"

मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे पहिला प्रश्न पाण्याचाच विचारला. सोसायटीला बोअरचं आणि टँकरचं पाणी येत होतं, आणि तेच नळाचं पाणी ती टाकीत भरत होती. मशीन अगदी ठणठणीत होतं. धूळ आणि बुळबुळीत थर, दोन्ही पाण्याबरोबर आले होते. तिला जे फोनवर सांगितलं तेच इथे जरा सविस्तर मांडतो, कारण थंडीत हाच प्रश्न मला अनेक घरांतून येतो.

हे मशीन वाफ करत नाही

अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायरच्या तळाशी रुपयाच्या नाण्याएवढी एक चकती असते. वीज मिळाली की ती सेकंदाला साधारण 17 लाख वेळा थरथरते. हा आवाज माणसाच्या कानाच्या पलीकडचा, म्हणून 'अल्ट्रासॉनिक'. या थरथरीने पाण्याच्या पृष्ठभागावरून अतिशय बारीक थेंब उडतात आणि छोटा पंखा ते वर ढकलतो. आपल्याला पांढरं धुकं दिसतं आणि आपण त्याला वाफ म्हणतो. पण ती वाफ नसते, ते अख्ख्या पाण्याचे थेंब असतात.

फरक कळायला नागपूरचा कूलर आठवा. कूलरच्या गवताच्या ताट्या पाण्याने भिजतात, वारा त्यातून जाताना पाणी हवेत उडून जातं, पण पाण्यातले क्षार उडत नाहीत. ते ताटीवरच राहतात. एका उन्हाळ्यात ताटी पांढरी आणि कडक होते, तळात क्षारांची पपडी धरते. घरातलं फर्निचर मात्र पांढरं होत नाही. मिठागरातही हेच घडतं: पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं.

आता कोकणातला खारा वारा आठवा. समुद्राच्या लाटा फुटल्या की बारीक तुषार उडतात, वाऱ्यावर सुकतात आणि त्यातलं मीठ किनाऱ्यालगतच्या खिडक्यांच्या गजांवर बसतं. म्हणून तिथलं लोखंड लवकर गंजतं. अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर कूलरच्या जातीचा नाही, तो लाटेच्या जातीचा आहे. तो पाणी जसंच्या तसं फोडून हवेत फेकतो. थेंबातलं पाणी क्षणात सुकतं, आणि त्यात विरघळलेलं जे काही होतं त्याचा सूक्ष्म कण हवेत तरंगत राहतो. बहिणीच्या टेबलावर बसत होते ते हेच कण: कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांचे क्षार.

पुढचं सगळं या एकाच गोष्टीवर उभं आहे. टाकीत जे असेल ते हवेत जाणार, आणि हवेतलं श्वासात. क्षार असोत, जंतू असोत की तुम्ही चांगल्या हेतूने टाकलेलं एखादं औषध असो.

एका रात्रीत किती क्षार?

पाण्यात एकूण किती पदार्थ विरघळलेले आहेत याच्या मापाला टीडीएस म्हणतात. एका लिटरमध्ये किती मिलिग्रॅम, असं ते मोजतात. पेनासारखा दिसणारा टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो, आणि आरओ बसवायला येणाऱ्या माणसाच्या खिशातही तो असतोच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस 500 पर्यंत चालतो आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत मुभा आहे. धरणाचं पाणी बहुधा या मर्यादेच्या बरंच खाली असतं. बोअरचं पाणी मात्र खडकातून झिरपत येतं, त्यामुळे ते जड असतं.

बहिणीच्या नळाचा आकडा आला 780. तिचं मशीन तासाला पाव लिटर पाणी उडवत होतं आणि रात्रीचे आठ तास चालत होतं, म्हणजे दोन लिटर पाणी. त्यातले क्षार 1560 मिलिग्रॅम, म्हणजे दीड ग्रॅम. महिन्याचा हिशेब केला तर जवळपास पन्नास ग्रॅम क्षारांचं चूर्ण त्या एका खोलीत.

दीड ग्रॅम ऐकायला काहीच वाटत नाही, म्हणून त्याची तुलना करून बघू. खोली दहा बाय बारा, उंची दहा फूट, म्हणजे साधारण 34 घनमीटर हवा. बाहेरच्या हवेतल्या सूक्ष्म कणांसाठी, ज्यांना पीएम 2.5 म्हणतात, आपल्याकडचं चोवीस तासांचं मानक आहे घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम. त्या हिशेबाने अख्ख्या खोलीच्या हवेत फक्त दोन मिलिग्रॅम कण तरंगले की मर्यादा गाठली. मशीन मात्र तासाला 195 मिलिग्रॅम फेकत होतं. त्यातले बरेच कण खाली बसतात, काही दाराच्या फटीतून बाहेर जातात, हे खरं. तरीही जे उरतात ते थोडे नसतात. हवा शुद्ध करणारं यंत्र शेजारी ठेवलं की त्याचा दिवा लाल होतो, तो याचमुळे. (त्याचा सेन्सर ओले थेंबही धूळ म्हणून मोजतो, त्यामुळे त्याचा आकडा तंतोतंत धरू नये. टेबलावरचा थर हा जास्त भरवशाचा पुरावा.)

"पण ही खनिजं तर आपण पितोच ना?"

पितो, आणि ती अंगाला लागतातही. पण पोटाला चालतं ते फुप्फुसाला चालतंच असं नाही. पाणी पिताना श्वासनलिकेत गेलं तर ठसका लागतो तो यासाठीच. हे सुकलेले कण बरेचदा एक मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत, ते थेट आत जातात.

धडधाकट मोठ्या माणसाला या धुळीने गंभीर आजार होतो असं सिद्ध झालेलं नाही, आणि उगाच घाबरवायची माझी इच्छा नाही. पण तान्हं बाळ, दम्याचा रुग्ण, फुप्फुसं आधीच दुबळी झालेली वयस्कर माणसं यांच्या बाबतीत मी हयगय करणार नाही. ह्युमिडिफायरच्या पांढऱ्या धुळीमुळे एका तान्ह्या बाळाच्या फुप्फुसाला इजा झाल्याची नोंद 2011 साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी प्रसिद्ध केली आहे. अशी उदाहरणं विरळा आहेत. पण आपल्याकडे हे मशीन मुळात आणलं जातं तेच बाळासाठी, आणि बाळाच्या पाळण्याशेजारीच ठेवलं जातं.

मग पाणी कोणतं घालायचं?

सगळ्यात चांगलं ऊर्ध्वपातित पाणी, म्हणजे डिस्टिल्ड वॉटर. ते वाफ करून पुन्हा थंड केलेलं असल्याने क्षार मागेच राहिलेले असतात. अमेरिका-कॅनडात राहणाऱ्या आपल्या लोकांना ते किराणा दुकानात गॅलनच्या कॅनमध्ये सहज मिळतं, तिथे दुसरा विचारच करू नये. आपल्याकडे रोज दोन लिटर विकत घेणं महाग पडतं. बॅटरीच्या दुकानात मिळणारं सुटं पाणी स्वस्त असतं, पण ते श्वासात जाण्यासाठी भरलेलं नसतं आणि अनेकदा ॲसिडच्या कॅनशेजारीच हाताळलं जातं. ते मी बाळाच्या खोलीत वापरणार नाही.

व्यवहारात बहुतेक घरांना जमतं ते आरओचं पाणी. बहिणीच्या आरओचा टीडीएस भरला 40. म्हणजे रात्रीचे क्षार 1560 वरून 80 मिलिग्रॅमवर आले, जवळजवळ विसावा हिस्सा. शून्य झाले नाहीत, हेही लक्षात ठेवा. तासाला दहा मिलिग्रॅम अजून जातातच, म्हणून मशीन मंद ठेवायचं आणि दार थोडं किलकिलं ठेवायचं. एक खाच मात्र आहे. बऱ्याच आरओ यंत्रांत चवीसाठी थोडं कच्चं पाणी मिसळणारा स्क्रू किंवा खनिजं परत घालणारी नळी असते. त्यामुळे 'आरओचंच पाणी आहे' म्हणणाऱ्या घरातही टीडीएस दीडशे-दोनशे निघतो. मीटरने एकदा मोजून घ्या.

आता जे उपाय लोक करतात आणि ज्यांचा उपयोग होत नाही ते बघू. पाणी उकळून घातलं तर जंतू मरतात, काही कॅल्शियम पातेल्याच्या तळाला बसतं, पण बाकीचे क्षार तिथेच राहतात आणि पाणी आटल्यामुळे आणखी दाट होतात. तुरटी गढूळपणा खाली बसवते, विरघळलेले क्षार नाही. यूव्हीच्या यंत्राचंही तसंच, ते फक्त जंतूंसाठी. वॉटर सॉफ्टनरबद्दल सर्वात जास्त गैरसमज आहे. तो कॅल्शियम काढतो, पण त्याच्या जागी सोडियम सोडतो. बादलीत साबणाचा फेस छान येतो, गीझरच्या रॉडवर पपडी धरत नाही, पण पाण्यातला एकूण क्षार जवळपास तेवढाच राहतो. चुन्यासारख्या धुळीऐवजी मिठासारखी धूळ पडते, एवढाच फरक. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र खरंच क्षारमुक्त असतं, म्हणून ते वापरायचा मोह होतो. पण ते एसीच्या जाळीवरची धूळ आणि नळीतलं शेवाळ घेऊन येतं. झाडांना घाला, टाकीत नको.

घरच्या घरी खात्री करायची असेल तर काळ्या काचेवर किंवा काळ्या फरशीवर तुमच्या पाण्याचे चार थेंब टाका आणि सुकू द्या. पांढरं गोल वर्तुळ उमटलं तर तेच रोज तुमच्या हवेत जातंय.

शुद्ध पाणी घातलं, तरी बुळबुळीत थर का?

पंधरा दिवसांनी बहिणीचा पुन्हा फोन आला. धूळ थांबली होती, पण टाकी आधीपेक्षा लवकर बुळबुळीत व्हायला लागली होती. तिला वाटलं आरओ बिघडला. कारण वेगळंच होतं. पालिकेच्या नळाच्या पाण्यात जंतूंना रोखायला थोडा क्लोरीन ठेवलेला असतो, आणि टँकरवालेही बहुधा क्लोरीन घालतात. आरओ क्षारांबरोबर तो क्लोरीनही काढून टाकतो. त्यामुळे क्षार कमी झाले तरी जंतूंना अडवणारं काही उरत नाही. धूळ आणि बुळबुळीत थर हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पाणी बदलून पहिला सुटतो, दुसरा फक्त धुऊनच.

तो थर म्हणजे जीवाणूंची वसाहत. ते प्लास्टिकला चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट आवरण विणतात. या आवरणामुळे नुसतं पाणी फिरवून ते निघत नाहीत, आणि औषधही आतपर्यंत पोचत नाही. पांढरी पपडी असेल तर तिच्या खडबडीत खाचांत त्यांना आणखी आसरा मिळतो. बाथरूमच्या फरशीच्या फटींत दिसते तसली गुलाबी रेघ ही अशाच जीवाणूंची खूण. काळे ठिपके बहुधा बुरशीचे.

वाफेच्या मशीनमध्ये पाणी उकळतं, त्यामुळे जंतू मरतात. इथे पाणी उकळत नाही. थेंबाबरोबर जंतू आणि मेलेल्या जंतूंचे तुकडेही हवेत जातात. त्यामुळे येणाऱ्या आजाराला डॉक्टर 'ह्युमिडिफायर फीवर' म्हणतात: मशीन चालवल्यावर काही तासांनी ताप, अंगदुखी, खोकला, छातीत दाटल्यासारखं होणं. फ्लू समजून त्याकडे दुर्लक्ष होतं. ओळखण्याची खूण अशी की गावाला गेलं की बरं वाटतं आणि घरी आलं की पुन्हा सुरू होतं. असं दिसलं तर मशीन लगेच बंद करा आणि डॉक्टरांना सांगताना ह्युमिडिफायरचा उल्लेख आवर्जून करा, ते स्वतःहून विचारतीलच असं नाही.

धुण्याची पद्धत, आणि क्रम का महत्त्वाचा

रोजचं काम चार मिनिटांचं आहे. सकाळी प्लग काढा. उरलेलं पाणी ओतून द्या, त्यात रात्री भर घालू नका. टाकी आणि खालचं भांडं ताज्या पाण्याने विसळा, स्वच्छ फडक्याने पुसा आणि संध्याकाळपर्यंत उघडं सुकू द्या. जंतूंना ओल लागते. दिवसभर कोरडं राहिलेलं भांडं त्यांचं निम्मं काम तिथेच थांबवतं.

दर तिसऱ्या दिवशी मऊ ब्रशने आतून घासून काढा. घासणं टाळू नका, कारण चिकट आवरण फुटतं ते घासण्यानेच.

आठवड्यातून एकदा पूर्ण सफाई करायची, आणि त्यात आधी पपडी, मग जंतू असा क्रम ठेवायचा. उलट केलं तर पपडीखालचे जंतू औषधातूनही वाचतात. पपडीसाठी वाण्याकडे मिळणारं लिंबूसत्त्व, म्हणजे ढोकळ्यात घालतात ते सायट्रिक ॲसिड, एक मोठा चमचा लिटरभर कोमट पाण्यात विरघळवा. ते खालच्या भांड्यात आणि टाकीत अर्धा तास ठेवा. पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेतलं तरी चालतं. या वेळी मशीन चालू करायचं नाही, नाहीतर तेच आम्ल हवेत उडेल. नंतर चकती कापसाच्या काडीने किंवा मऊ ब्रशने हलकेच पुसा. चाकूचं टोक, तारेची घासणी तिला लावू नका. धुकं कमी येऊ लागलं की बहुतेक वेळा मशीन खराब झालेलं नसतं, चकतीवर पपडी धरलेली असते. सगळं दोनदा विसळून घ्या.

मग जंतूंसाठी हायड्रोजन पेरॉक्साइड, जखमेवर टाकल्यावर फेसाळतं ते. आपल्याकडे औषधाच्या दुकानात ते बहुधा 6 टक्क्यांचं मिळतं. बाटलीवर बघून घ्या आणि तेवढंच पाणी घालून 3 टक्क्यांचं करा. हातमोजे घालून सगळ्या आतल्या भागांना लावा, दहा-पंधरा मिनिटं राहू द्या, आणि तीन वेळा स्वच्छ पाण्याने विसळून सुकवा. ब्लीचच वापरायचं असेल तर चार लिटर पाण्याला एक लहान चमचा, वीस मिनिटं, आणि वास पूर्ण जाईपर्यंत विसळा. पण ब्लीच आणि व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व कधीही एकत्र येऊ देऊ नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. पेरॉक्साइड आणि व्हिनेगरसुद्धा एकमेकांत मिसळू नये. म्हणून मधलं विसळणं गाळायचं नाही. संडास साफ करायचं ॲसिड, फिनाईल यांचा इथे काही संबंध नाही.

खालच्या भागात वीज असते. तो बादलीत बुडवायचा नाही, हवा येण्याच्या झरोक्यात पाणी जाऊ द्यायचं नाही.

"टाकीतच थेंबभर जंतुनाशक टाकलं तर?"

हा प्रश्न मला सर्वात जास्त वेळा विचारला जातो, आणि उत्तर ठाम नाही असं आहे. दक्षिण कोरियात नेमकं हेच झालं. तिथे 1994 पासून ह्युमिडिफायरच्या पाण्यात घालायची जंतुनाशकं दुकानात सर्रास विकली जात होती. टाकी स्वच्छ राहावी म्हणून आईबापांनी ती विश्वासाने वापरली. 2011 च्या वसंतात सोलच्या एका रुग्णालयात गर्भवती आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायका फुप्फुसं निकामी होऊन दाखल होऊ लागल्या. त्याच वर्षी तपासात ही जंतुनाशकं कारणीभूत असल्याचं पुढे आलं आणि ती बाजारातून काढली गेली. तोवर शेकडो माणसं दगावली होती, त्यात लहान मुलं बरीच. त्यातलं मुख्य रसायन, पीएचएमजी, त्वचेवर लागलं तर फारसा अपाय करत नाही. म्हणूनच ते सुरक्षित मानलं गेलं होतं. अल्ट्रासॉनिक धुक्याबरोबर ते थेट फुप्फुसाच्या तळाशी पोचेल, याची चाचणीच झाली नव्हती.

कापूर, निलगिरीचं तेल, बाम यांनाही हाच नियम. टाकीत यातलं काहीही नको. तेलाने प्लास्टिकला चिरा पडतात हा त्यातला छोटा तोटा, आणि कापूर तर बाळांना विषारी आहे.

"रोज एवढं कोण करणार?"

हा आक्षेप मला पटतो. दोघं नोकरी करणारी, घरात बाळ, रात्रीची झोप अपुरी. रोज धुणं जमणार नसेल तर हे मशीन न वापरणंच बरं. खोलीत पिळलेला जाड टॉवेल दोरीवर टाकला तरी रात्रभरात पाव-अर्धा लिटर पाणी हवेत जातं, आणि क्षार टॉवेलातच राहतात, कूलरच्या ताटीसारखे. ताटीसारख्या ओल्या गाळणीतून वारा सोडणारे ह्युमिडिफायरही मिळतात. त्यांची गाळणी बदलावी लागते आणि धुणं त्यांनाही चुकत नाही, पण पांढरी धूळ ते उडवत नाहीत.

आधी गरज आहे का तेही बघा. हवेतली आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर पलंगाजवळ ठेवा. आकडा 40 ते 50 टक्क्यांच्या मध्ये असेल तर मशीन बंदच ठेवा. साठच्या वर गेला तर भिंतींना बुरशी धरते. मुंबईत किंवा कोकणात वर्षातले बहुतेक दिवस मशीन लागतच नाही.

बहिणीने शेवटी आरओचा तो मिसळणारा स्क्रू पूर्ण बंद करून घेतला. आकडा 40 वरून 22 वर आला. आता रात्री फक्त चार तास मंद धुकं असतं, टाकी सकाळी ओट्यावर पालथी पडलेली असते आणि रविवारी लिंबूसत्त्व. मशीन पाळण्यापासून चार फूट लांब, स्टुलावर आहे. फेब्रुवारीअखेर ते खोक्यात ठेवायचं तिने ठरवलं, तेव्हा तिला एकच सांगितलं: पूर्ण सफाई करून दोन दिवस उघड्यावर सुकव, झाकण न लावता ठेव, आणि पुढच्या थंडीत बाहेर काढलं की वापरण्याआधी पुन्हा एकदा धू.